नाव विचारा, पण नीट: पहिल्या भेटीत उच्चार विचारण्याची आणि तो लक्षात ठेवण्याची रीत

आमच्या नागपूरच्या वर्धा रोडवरच्या कार्यालयात दर जुलैत प्रशिक्षणार्थींची नवी तुकडी येते. निम्मी मुलं विदर्भातली, बाकीची तामिळनाडू, तेलंगणा, बंगाल, ईशान्येकडची राज्यं अशी कुठून कुठून आलेली. त्यांना पहिल्या दिवशी भेटायचं, ओळखपत्र द्यायचं आणि पुढचे सहा महिने नावाने हाक मारायची, हे माझं काम. इतक्या वर्षांत एक चूक मी जवळजवळ सगळ्यांकडून होताना पाहिली आणि स्वतःही केली. आपण यादीत नाव वाचतो, मनाशी उच्चार ठरवतो, समोरच्याला तो ऐकवतो आणि विचारतो, "बरोबर ना?" समोरचा हसून म्हणतो, "हो, चालेल." आपण खूश.

'चालेल' म्हणजे बरोबर नव्हे. एका सहकाऱ्याला मी चार महिने चुकीच्या उच्चाराने हाक मारली, कारण तो पहिल्या दिवशी 'चालेल' म्हणाला होता. त्याच्या आईचा फोन स्पीकरवर लागला तेव्हा कळलं की माझा उच्चार आणि त्याचं नाव यांचा फारसा संबंधच नाही. तेव्हापासून मी जो क्रम पाळते, तोच इथे देते आहे. क्रमाला महत्त्व आहे. तिसरा टप्पा पहिल्याच्या आधी केला की सगळं फिसकटतं.

तयारी: भेटीआधी पाच मिनिटं

यादी किंवा ईमेल हाताशी असेल तर नाव वाचा, पण उच्चार ठरवू नका. नावात कुठे फसायला होऊ शकतं तेवढंच शोधा आणि पेन्सिलीने त्या अक्षराखाली रेघ मारा. रोमन लिपीत लिहिलेल्या नावात या जागा बहुतेक वेळा ठरलेल्या असतात.

पहिली जागा `th`. आपल्याकडे तो 'थ' असतो. दक्षिणेत बऱ्याचदा साधा 'त' दाखवायला `th` लिहितात, कारण नुसता `t` तिकडे 'ट' वाचला जाऊ शकतो. म्हणून `Latha` म्हणजे लता, `Swathi` म्हणजे स्वाती, `Geetha` म्हणजे गीता. आपण मात्र लताला लथा करतो, आणि पुढचा 'ल' लांबवला तर थेट लाथा. पण `Manjunath` मधला `th` खरोखरच 'थ' आहे. तेव्हा नियम पाठ करून उपयोग नाही, फक्त शंका नोंदवून ठेवा.

दुसरी जागा `zh`. हा तमिळ आणि मल्याळममधला असा एक ध्वनी आहे की जो आपण डोळे मिटून 'झ' वाचतो. तो 'झ' नाही, 'ळ'चा चुलतभाऊ आहे. त्याबद्दल पुढे उदाहरणात सविस्तर.

तिसरी जागा शेवटचा `a`. `Harsha` हे आपण हर्षा वाचतो आणि मुलगी येणार असं धरून बसतो. कर्नाटक किंवा आंध्रातून आलेला हर्ष नावाचा मुलगा समोर उभा राहतो. त्याच्या नावाच्या शेवटी ऱ्हस्व 'अ' ऐकू येतो, जसा आपण 'कृष्ण' म्हणताना शेवटी ऐकवतो तसा.

चौथी जागा उच्चाराची नाही, पण घोटाळा तिथेच जास्त होतो. आपल्या फॉर्मवर 'आडनाव' हा रकाना असतो. तमिळ माणसाला बहुतेकदा आडनाव नसतं, तर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं, आणि फॉर्म भरायचा म्हणून तो त्या रकान्यात वडिलांचं नाव लिहितो. मग आपण त्याला सहा महिने त्याच्या बापाच्या नावाने हाक मारतो. तेलुगू नावात घराण्याचं नाव बरेचदा आधी येतं, तिथे उलटा घोळ.

> तपासा: तयारी संपल्यावर तुमच्याकडे शंकांच्या रेघा असाव्यात, उच्चार नसावा. मनात उच्चार पक्का झाला असेल तर कान बंद झालेत असं समजा.

त्या माणसाचं लिंक्डइनवर खातं असेल तर नावाशेजारी स्पीकरचं चिन्ह आहे का ते पाहा. तिथे स्वतःच्या आवाजात नाव ध्वनिमुद्रित करता येतं. ऐकायला मिळालं तर दोनदा ऐका. पण कार्यालयातल्या जुन्या माणसाला "काय म्हणतात हो यांना?" असं विचारून शिकू नका. तो वर्षभर चुकीचंच म्हणत असण्याची शक्यता मोठी.

टप्पा १: आधी नमस्कार, मग आपलं नाव, सावकाश

समोरचा ज्या शब्दाने अभिवादन करतो, त्याच शब्दाने उत्तर द्या. नागपुरात नमस्कार आहे, जय भीम आहे, राम राम आहे, जय सेवा आहे, सलाम आहे. यादीतलं आडनाव पाहून अभिवादन आधीच ठरवणं हा आगाऊपणा आहे आणि समोरच्याला तो लगेच कळतो. ठाऊक नसेल तर नमस्कार म्हणा आणि त्याच्या तोंडून काय येतं ते ऐका.

मग स्वतःचं नाव सांगा, नेहमीपेक्षा थोडं सावकाश आणि सुटं. याला कारण आहे. तुम्ही भरभर बोललात तर समोरचाही भरभर बोलतो. तुम्ही नाव सावकाश सांगितलंत की तोही बहुधा त्याच चालीत सांगतो, आणि अर्धं काम तिथेच होतं.

गोल करून एकेकाने ओळख करून द्यायची असेल तर एक सावधगिरी. आपली पाळी येण्याआधी जो बोलतो त्याचं आपल्याला सर्वांत कमी आठवतं, हे माल्कम ब्रेनर या संशोधकाने 1973 मध्येच दाखवलं होतं. आपण आपलं वाक्य जुळवत असतो, कान नुसते दिसायला उघडे. म्हणून आपली ओळख आधीच दोन वाक्यांत ठरवून ठेवा आणि शेजारच्याचं नाव बैठक संपल्यावर जाऊन पुन्हा विचारा. त्यात काही गैर नाही.

टप्पा २: प्रश्न

प्रश्न एकच विचारायचा, आणि तो आवाजाबद्दल असावा. मी म्हणते:

"तुमचं नाव मला नीट म्हणायचं आहे. तुम्ही स्वतः कसं म्हणता, एकदा सांगाल?"

आपल्या नागपुरी बोलीत मोकळेपणा असेल तर, "एकदा पुन्हा सांगा ना जी, मला बरोबर म्हणायचं आहे." या 'जी'ने प्रश्न मऊ होतो. समवयस्काशी ठीक, पण साहेबांशी किंवा वयाने मोठ्यांशी पहिलं वाक्य वापरा, त्यात 'तुमचं'च्या जागी 'आपलं' घाला. मराठी न कळणाऱ्यांशी आपण हिंदीतच बोलतो: "आपका नाम मैं सही बोलना चाहती हूँ। आप ख़ुद कैसे बोलते हैं?"

या वाक्यात अडचण आपली आहे, त्यांच्या नावाची नाही. "किती कठीण नाव आहे हो!" म्हटलं की नावाचं ओझं समोरच्यावर टाकलं जातं. ते त्याने लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं असतं. "मी शॉर्टमध्ये काही म्हणू का?" हे तर विचारूच नका.

'घरी काय म्हणतात?' हाही प्रश्न टाळा. मला तो फार आपुलकीचा वाटायचा. मग एका बंगाली मुलाने लाजत काहीतरी भलतंच सांगितलं. बंगाल्यांकडे बाहेरचं नाव वेगळं आणि घरातलं लाडाचं डाकनाम वेगळं. डाकनाम घरच्यांसाठी आणि जुन्या दोस्तांसाठी असतं, कार्यालयातल्या मॅडमसाठी नव्हे. म्हणून 'तुम्ही स्वतः कसं म्हणता' हेच शब्द ठेवा.

> सावध: "पूर्ण नाव सांगा" किंवा "आडनाव काय म्हणालात?" असं विचारू नका.

याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण आपल्याकडे सर्वांत मोठी चूक हीच होते. मराठी माणसाला आडनाव विचारलं की त्याच्यामागे दुसरा प्रश्न ऐकू येतो: कुठले तुम्ही, म्हणजे कोणातले तुम्ही? विचारणाऱ्याच्या मनात तसं काही नसेलही. पण ज्याला हा प्रश्न भाड्याची खोली शोधताना, शाळेत, लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे, तो क्षणभर आखडतो. तुम्ही उच्चार विचारला आणि त्याने जात विचारली असं ऐकलं. म्हणून त्याने जेवढं नाव सांगितलं तेवढ्याचाच उच्चार विचारा. त्याने नुसतं पहिलं नाव सांगितलं असेल तर आडनावाकडे वळू नका. कामासाठी आडनाव लागत असेल तर फॉर्म पुढे करा, आणि आडनावाचाच उच्चार अडला असेल तर फॉर्मवर बोट ठेवून विचारा: "हे वानखडे की वानखेडे?" ही दोन वेगळी आडनावं आहेत, आणि असा प्रश्न कोणाला खटकत नाही, कारण तो अक्षराचा आहे. उत्तर मिळालं की "अच्छा, म्हणजे अमरावतीकडचे का?" असं शेपूट जोडू नका.

टप्पा ३: परत म्हणून दाखवणं, आणि 'चालेल' ओळखणं

नाव ऐकल्याबरोबर तोडून म्हणा, मग जोडून म्हणा. दोनदा, जास्तीत जास्त तीनदा. त्यापुढे गेलात तर समोरच्याची शिकवणी सुरू होते आणि मागे रांग वाढते.

म्हणून झाल्यावर 'बरोबर ना?' विचारू नका. त्याला सभ्य माणूस 'हो'च म्हणतो. त्याऐवजी चूक दाखवायला जागा द्या: "यात काय राहिलं?" किंवा "कुठे वेगळं होतंय?" उत्तरापेक्षा चेहरा आणि लय पाहा. 'बरोबर' पटकन येतं, बहुधा मान हलवत. 'चालेल' आधी किंचित थांबतं. काही जण बोलतच नाहीत, फक्त स्वतःचं नाव पुन्हा एकदा हळू म्हणतात. ही दुरुस्तीच असते, ती ऐका.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. समजा यादीत `Yazhini` आहे. तयारीत तुम्ही `zh` खाली रेघ मारली. समोर एक तमिळ मुलगी आली, नमस्कार झाला, तुम्ही नाव सांगितलंत, प्रश्न विचारलात. तिने नाव म्हटलं. तुमच्या कानाला 'यालिनी' आणि 'याळिनी' यांच्या मधलं काहीतरी ऐकू आलं. इथे बहुतेक जण 'याळिनी' धरतात, आणि 'याझिनी'पेक्षा ते कितीतरी जवळ आहेच. पण पुढे जाता येतं. आपला 'ळ' म्हणताना जीभ मागे वळून टाळूला लागते आणि फटकन सुटते. या ध्वनीत जीभ तशीच मागे वळते, पण टाळूला लागत नाही. 'बाळ' म्हणायला सुरुवात करा आणि जीभ टाळूला लागण्याआधीच थांबवून आवाज चालू ठेवा. जे येईल ते जवळपास तेच. आता म्हणा: "या… ऴि… नी. याऴिनी. यात काय राहिलं?" ती म्हणाली, "मधलं थोडं अजून मऊ." पुन्हा एकदा म्हणा, आणि तिथे थांबा. तमिळ माणसांतही हा ध्वनी सगळ्यांना साधत नाही, अनेक जण 'ळ'च म्हणतात. तेव्हा तुमचं दहा आणे जमलं तर पुरे.

मराठी माणसाला काही नावांत आयता फायदा आहे, तो आपण वापरत नाही. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, आणि हिवाळ्यात स्वेटर विकणारी तिबेटी कुटुंबं नागपूरकरांच्या ओळखीची आहेत. त्यांच्यात `Tsering` हे नाव फार आढळतं. हिंदी बोलणारा त्याचं 'सेरिंग' किंवा 'शेरिंग' करतो. आपल्याकडे दोन 'च' आहेत: चहातला एक आणि चाकातला एक. या नावात चाकातला च, थोडा श्वास सोडून. तसंच ईशान्येकडच्या नावात `z` दिसला तर जेवणातला ज नको, जाडमधला ज घ्या, जवळ पोचाल. एवढं कळलं की निम्मी घबराट जाते.

> तपासा: समोरच्याने एकही दुरुस्ती सुचवली नाही आणि नाव तुमच्या ओळखीचंही नाही? मग बहुधा तुम्हाला 'चालेल' मिळालेलं आहे. आज सोडा, दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

एखादी व्यक्ती स्वतःहून म्हणते, "मला नुसतं अमुक म्हणा." तेव्हा एकदाच म्हणा, "तुमचं पूर्ण नाव शिकायला मला आवडेल." तरीही ती छोट्या नावावर ठाम असेल तर तेच तिचं नाव. तिथे आपला हट्ट नको.

टप्पा ४: दहा मिनिटांच्या आत देवनागरीत लिहा

समोरचा गेला की लगेच लिहा, संध्याकाळपर्यंत थांबू नका. रोमन स्पेलिंग पुन्हा पाहायच्या आधी लिहा, कारण डोळ्यांनी ते पाहिलं की कानात राहिलेला आवाज पुसला जातो.

नुसतं देवनागरीत लिहिणं पुरेसं नाही, देवनागरीही फसवते. 'हर्ष' लिहिलं की आपण शेवटचा अ गिळतो, 'हर्षा' लिहिलं की मुलगी होते. म्हणून मी 'हर्षअ' असं लिहिते. शुद्धलेखनाच्या बाई रागावतील, पण वही माझी आहे. ज्या अक्षरावर आवाज लांबतो त्याखाली रेघ. चाकातला च असेल तर खाली टिंब. आणि त्या तमिळ ध्वनीसाठी देवनागरीत 'ळ'खाली टिंब दिलेलं 'ऴ' हे अक्षर आहेच, मोबाइलच्या कीबोर्डवर मिळालं नाही तर हाताने काढा.

शेजारी एक खूण लिहा: कुठे भेटलो, काय बोललो. चेहऱ्यामोहऱ्यावरून किंवा रंगावरून खूण लिहू नका. वही कधीतरी उघडी राहते. नावाचा अर्थ समोरच्याने आपणहून सांगितला असेल तर तो लिहा. 'याऴ' हे तमिळांचं प्राचीन तंतुवाद्य, हे एकदा कळलं की याऴिनी विसरणं अवघड. नुसतं नाव डोक्यात टिकत नाही, कारण ते कशालाच जोडलेलं नसतं. कोणी सुतारकाम करतो हे आपल्याला आठवतं, पण त्याचं आडनाव सुतार आहे हे विसरतं. अर्थामुळे ती जोड मिळते.

फोनमध्ये क्रमांक जतन करतानाही नाव देवनागरीतच टाका. फोन वाजला की पडदाच तुम्हाला उजळणी देतो.

टप्पा ५: आठवण्याच्या वेळा

इथे लोक एक चुकीची गोष्ट फार मनापासून करतात. समोरच्याशी बोलताना दर वाक्यात त्याचं नाव घेतात. ऐकणाऱ्याला विमा विकणारा आल्यासारखं वाटतं आणि आपल्या डोक्यात फारसं काही राहत नाही, कारण पाच सेकंदांपूर्वीचं नाव उच्चारायला आठवावं लागतच नाही. नाव पक्कं होतं ते विसरत आलेलं असताना ओढून काढल्याने. थॉमस लँडाउअर आणि रॉबर्ट ब्योर्क यांनी 1978 मध्ये नावं लक्षात ठेवण्यावरच प्रयोग केले. त्यात सारख्या अंतराने आठवण्यापेक्षा अंतर वाढवत आठवणं सरस ठरलं.

माझं वेळापत्रक असं आहे. भेट संपताना निरोप घेताना एकदा नावाने: "बरंय, याऴिनी, उद्या दहाला भेटू." मग दहा मिनिटांनी लिहिताना. मग दुपारी डब्याच्या वेळी, वही न उघडता. मग रात्री झोपण्याआधी, चेहरा डोळ्यांपुढे आणून. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्यक्ष हाक मारून. मग तीन दिवसांनी आणि आठवड्याने. प्रत्येक वेळी आधी आठवायचं, अडलं तरच वही. आणि आठवायचं ते तोंडाने, ओठ हलवून. मनातल्या मनात म्हटलेला 'ऴ' नेहमीच बरोबर असतो, तोंडातून 'झ' निघतो.

एका दिवसात चाळीस जण भेटले तर हे सगळ्यांसाठी होत नाही. मी रोज सहा-सात नावं घेते आणि उरलेल्यांना स्पष्ट सांगते की उद्या पुन्हा विचारीन.

टप्पा ६: विसरलात तर

आपल्याकडे विसरणाऱ्याला पळवाट तयार असते: भाऊ, ताई, दादा, सर, मॅडम. नागपुरात 'भाऊ'वर वर्षभर काढता येतं. त्याने काम चालतं, पण तिसरा माणूस आला आणि ओळख करून द्यायची वेळ आली की उघडं पडायला होतं.

पहिल्या आठवड्यात सरळ विचारा: "तुमचं नाव सांगितलं होतं तुम्ही, माझ्याकडून निसटलं. पुन्हा सांगा." लांबलचक माफी नको. माफी लांबली की समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते. दोन-तीन महिने उलटले असतील तर आठवतं तेवढं आधी म्हणा: "याऴिनी म्हणते मी, पण मधलं अक्षर चुकतंय असं वाटतं. पुन्हा ऐकवता?" महिनोन्महिने चुकीचं म्हणत आला असाल तरीही हेच, आणि एकट्यात, चहाच्या टपरीवर वगैरे. सगळ्यांसमोर विचारलं की पुन्हा 'चालेल'च मिळतं.

बोलता बोलता चुकलात आणि लगेच कळलं तर बरोबर नाव म्हणा आणि वाक्य पुढे न्या. दुसरं कोणी तुमच्यासमोर चुकीचं म्हणत असेल तर त्याला टोकू नका. तुमच्या पुढच्या वाक्यात ते नाव बरोबर घ्या: "हो, हे याऴिनीनेच कालच्या बैठकीत मांडलं होतं." बरेचदा तो पुढच्या खेपेला सुधारतो. नाही सुधारला तर बैठकीनंतर त्याला बाजूला घेऊन सांगा. तेही आधी याऴिनीला विचारून, कारण आपलं नाव कोणी कोणाला शिकवावं हे ठरवणं तिच्याकडे आहे.